कळसाची उंची, सावलीतून आणि कोनातून

सिन्नर तालुक्यातल्या एका गावात, वैशाखाच्या सुट्टीत, भूमी अभिलेख खात्यातल्या एका भूकरमापकाने आपल्या आठवीतल्या मुलीला शिवालयाच्या शिखराची उंची काढायला बसवलं. ही या विद्येची गोष्ट, त्या मुलीच्या निमित्ताने सांगितलेली. गावाचं आणि माणसांचं नाव कल्पनेवर सोडतो, गणित मात्र जसंच्या तसं.

विद्या जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचं प्रकरण आहे. त्यात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून तिच्या सावलीवरून हिशेब होतो. लीलावती ही त्यांची मुलगी, ही कथा फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरातून पसरली. खरी असो वा नसो, बापाने मुलीला सावली शिकवावी हे इथे शोभून दिसतं.

देऊळ पूर्वाभिमुख. दुपारनंतर सावली सभामंडपावर पडते आणि छपरात मोडते, म्हणून सकाळच गाठायची. मेच्या अगदी सुरुवातीला इकडे पावणेदहाच्या सुमाराला सूर्य बरोबर पूर्वेला असतो, तेव्हा शिखराची सावली गाभाऱ्याच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीला काटकोनात सरळ पडते. मुलीने एक मीटरची काठी ओळंब्याने उभी केली. काठीची सावली 80 सेंटिमीटर भरली. त्याच क्षणी बाबांनी शिखराच्या सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकली. क्षण तोच असणं महत्त्वाचं, कारण या वेळी इतक्या उंच शिखराची सावली मिनिटाला 11 सेंटिमीटर सरकते.

भिंतीपासून खुंटीपर्यंत टेप धरला: 9.4 मीटर. तिने 0.8 ने भागलं आणि 11.75 मीटर सांगितलं.

“त्या विजेच्या खांबाकडे बघ बाळा,” बाबा म्हणाले. “जमिनीवर साडेसात मीटर आहे. शिखर त्याच्या दुपटीहून जास्त दिसतंय ना?”

“मग चुकलं कुठे, बाबा?”

“कळस भिंतीवर उभा आहे का?”

इथेच बहुतेक जण अडखळतात. झाडाच्या किंवा खांबाच्या बुंध्यापासून सावली मोजता येते, पण कळसाच्या बरोबर खालचा बिंदू पिंडीजवळ आहे, आणि तिथून बाहेर टेप नेता येत नाही. गाभारा चौरस, मागची भिंत 7 मीटर, म्हणून मध्य आणखी 3.5 मीटर आत. 12.9 भागिले 0.8, म्हणजे सुमारे 16.1 मीटर. भिंतीतल्या बाहेर आलेल्या पट्ट्या फसवतात, तेव्हा अर्धं अंतर नेमकं खुंटीसमोरच्या बाहेरच्या कडेपासूनच धरायचं.

दुसरी रीत सावलीशिवायची. शाळेतल्या कोनमापकाच्या सरळ कडेला पोकळ नळी चिकटवली, मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधला. नजर आडवी असताना दोरा 90 वर राहतो. तो 45 वर आला की नजर 45 अंश वर गेली, 60 वर आला की 30 अंश. आकडा वाचत बसण्यापेक्षा चालत जाऊन जागाच शोधायची, ही बाबांची युक्ती मला फार आवडते. शिखराच्या मध्यरेषेत मागे जात तिने 45 अंशांची जागा शोधली, मग आणखी मागे 30 अंशांची. दोन खुंट्यांत 11 मीटर आलं.

आता आत शिरायची गरज नाही. डोळ्याच्या पातळीच्या वरची उंची जेवढी, तेवढंच पहिलं अंतर. दुसरं त्याच्या 1.732 पट. फरक 0.732 पट, तो 11 मीटर, म्हणून उंची 15 मीटर. त्यात तिच्या डोळ्याची जमिनीपासूनची 1.4 मीटर मिळवली: 16.4. दोन्ही खुंट्यांजवळची जमीन एका पातळीत आहे याची खात्री गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने आधीच केली होती. उतार असता तर हा हिशेब कोसळला असता.

दोन उत्तरांत 30 सेंटिमीटरचा फरक. ती सरासरी काढायला निघाली, तर बाबांनी थांबवलं आणि सावलीचं टोक पुन्हा दाखवलं. कडा धुरकट होती. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. कळसाच्या टोकापासून खुंटीपर्यंत तिरकं अंतर 21 मीटर, आणि तेवढ्या अंतरावर 20 सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तूची पूर्ण काळी सावली पडतच नाही. कळसाचं निमुळतं टोक फिकट होऊन उजेडात मिसळतं, त्यामुळे खुंटी अलीकडेच ठोकली जाते. सावली अशी नेहमी कमीच भरते.

कोनाची चूक दोन्हीकडे जाते. 30 अंशांच्या जागी अर्धा अंश चुकला तरी उंची सुमारे 70 सेंटिमीटरने हलते, पण कधी वर, कधी खाली. म्हणून कोन पुन्हा पुन्हा घ्यायचे, बाबांनीही घ्यायचे, आणि सरासरी त्यांचीच काढायची. सावलीचा आकडा त्यात मिसळला तर तिची एका बाजूची तूट उत्तरात शिरते. दुपारपर्यंत तिने कोनांच्या आणखी जोड्या घेतल्या. वहीत सावलीचे 16.1 वेळेसह वेगळ्या ओळीत राहिले, शेजारी तिने लिहिलं: टोक फिकट, कमी धरावे.