पिकर कधी बदलायचा?

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. आता तिथे बिनधोट्याचे वेगवान मागही आले आहेत, पण धोट्यावर चालणाऱ्या साध्या मागांच्या शेडही आहेत. त्या शेडमध्ये जॉबरपुढे रोज एकच प्रश्न असतो: माग बंद पडल्यावर धावायचं, की त्याआधीच पाना हातात घ्यायचा? दोन बिघाडांमधला सरासरी काळ माहीत असला की उत्तर मिळतं, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

पहिली गफलत मोजणीतच होते. ताण्याचा धागा तुटला आणि माग थांबला, तर तो बिघाड नव्हे. यंत्रानं आपलं काम चोख केलं. विणकर गाठ मारून माग पुन्हा सुरू करतो. ज्या थांब्यासाठी जॉबर किंवा फिटर लागतो, तोच बिघाड म्हणून लिहायचा. समजा, २४ माग ३० दिवस तिन्ही पाळ्यांत चालले आणि त्यातला ८५ टक्के वेळ प्रत्यक्ष फिरले, तर एकूण चालू तास १४,६८८ होतात. या काळात ४८ बिघाड झाले असतील, तर सरासरी ३०६ तासांना एक. दोन शेडची तुलना करायला हा आकडा चांगला. पण झिजलेला पिकर, सैल झालेला बोल्ट आणि जळालेली मोटार एकाच टोपलीत टाकून काढलेल्या सरासरीवरून देखभालीची तारीख ठरत नाही. ती भागागणिक ठरवावी लागते.

पिकरच घेऊ. दर फेकीला धोट्याचं टोक त्याच्यावर आदळतं. पूर्वी तो म्हशीच्या कातड्याचा असे, आता बहुधा नायलॉनसारख्या कृत्रिम पदार्थाचा असतो. टोकाच्या जागी आधी खळगा पडतो, मग तो एका बाजूला लांबट होतो आणि धोटा तिरका सुटू लागतो. फेक कमी पडली की धोटा पलीकडच्या पेटीत वेळेवर पोचत नाही. संरक्षक यंत्रणा शाबूत असेल तर माग धाडकन थांबतो. तिचा डॅगर झिजला असेल तर धोटा ताण्यात अडकतो, फणी त्याच्यावर आपटते आणि शेकडो धागे तुटतात. ते जोडण्यात अख्खी पाळी जाऊ शकते.

आता हिशेब मांडू. उदाहरणादाखल दहा पिकर किती दिवस टिकले ते पाहा: ३३, ४१, ४६, ५०, ५४, ५८, ६१, ६५, ७०, ८२. सरासरी ५६ दिवस. अवचित तुटल्यास सरासरी ५ तास जातात आणि ठरवून बदलल्यास अर्धा तास, असं धरू. तुटेपर्यंत वाट पाहिली तर मागाच्या दर १०० दिवसांत सुमारे ८.९ तास वाया जातात. सरासरी गाठली की बदलायचं ठरवलं, तर तोवर निम्मे पिकर तुटलेलेच असतात आणि साडेपाच तास जातात. ४० दिवसांना बदलले तर २.४ तास, ३० दिवसांना १.७. आणखी घाई करून २० दिवसांवर आलं, तर तोटा पुन्हा अडीच तासांवर चढतो, कारण चांगले पिकर काढण्यातच वेळ जातो. ३० दिवसांच्या चक्रात पिकर जवळजवळ दुप्पट लागतात हे खरं, पण एक स्मॅश टळला तरी मला हा सौदा परवडणारा वाटतो.

त्या ३० दिवसांना शेडमध्ये एक सोयीचा मुहूर्तही सापडतो. १६० फेऱ्यांचा माग ५२ पिकी कापड ८५ टक्के क्षमतेनं विणत असेल, तर दिवसाला सुमारे ९५ मीटर निघतं. म्हणजे हजार मीटरचा बीम दहा दिवसांच्या आसपास संपतो. बीम बदलताना माग थांबलेलाच असतो. दर तिसऱ्या बीमला पिकर बदलायचा आणि त्याच वेळी डॅगर, बफर, पिकिंग बँड तपासायचा; वेगळा थांबा लागतच नाही.

हीच रीत बिनधोट्याच्या मागातल्या सेन्सरला किंवा सर्किट बोर्डाला लावू नये. तिथले बरेच बिघाड वयानुसार येत नाहीत, कधीही येतात. अशा भागांत सरासरी काळ पुरा होईपर्यंत शंभरातले ६३ गेलेले असतात, पण उरलेले ३७ नव्याइतकेच भरवशाचे असतात. ते बदलून काही साधत नाही, उलट चांगला जोड उघडताना नवा दोष शिरतो. त्यांच्यासाठी धूळ झटकणं आणि कपाटात एक सुटा भाग तयार ठेवणं एवढंच करावं.

देखभाल सुरू झाल्यावर वहीत एक नवीच अडचण उभी राहते. ३० दिवसांना काढलेला पिकर पुढे किती टिकला असता, हे कळत नाही. मग फक्त तुटलेल्यांची सरासरी काढली, तर आयुष्य भलतंच कमी दिसतं, कारण लवकर गेलेलेच तेवढे मोजले जातात. म्हणून ठरवून काढलेले पिकर वेगळ्या रकान्यात लिहावेत आणि प्रत्येकाच्या खळग्याची खोली मोजून नोंदवावी. तिसऱ्या बीमला काढलेले बहुतेक पिकर कमी झिजलेले दिसले, तर काही मागांवर चौथ्या बीमपर्यंत थांबून पाहता येतं. एखाद्याच मागावरचा खळगा दरवेळी खोल निघत असेल, तर दोष पिकरचा नसून त्या मागाच्या पिकिंगच्या जोराचा किंवा पेटीच्या सेटिंगचा असतो.