नुसता लेख, पुढे काहीच नाही

दीड-दोन हजार शब्दांचा लेख कॉपी करायचा, चॅटबॉटमध्ये पेस्ट करायचा आणि तसाच पाठवून द्यायचा. वर एक ओळ नाही, खाली प्रश्न नाही. काय हवंय ते पाठवणाऱ्याच्या डोक्यात इतकं स्पष्ट असतं की लिहायचं राहूनच जातं. आता यंत्रानं काय करावं? सारांश देऊन मोकळं व्हावं, की आधी विचारावं?

यातलं काहीच न करणं हा या यंत्रांचा मूळ स्वभाव. आलेल्या मजकुरापुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधणं एवढंच कच्चं मॉडेल शिकलेलं असतं. त्याला लेख दिला तर ते तोच लेख पुढे लिहीत सुटतं. २०१९ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी जीपीटी-२ कडून सारांश काढून घेण्यासाठी बातमीच्या शेवटी TL;DR: एवढीच अक्षरं जोडली. लांबलचक मजकुराचा गोषवारा देताना इंग्रजी इंटरनेटवर ही खूण वापरतात. ती पाहून मॉडेल गोषवाऱ्यासारखं काहीतरी लिहू लागलं. खूण काढली की दर्जा घसरला. गंमत म्हणजे, खूण असतानाही तो सारांश बातमीतली कोणतीही तीन वाक्यं उचलण्यापेक्षा जेमतेमच सरस होता, असं संशोधकांनीच नोंदवलं आहे. आजची मॉडेलं माणसांच्या पसंतीनुसार पुढे घडवलेली असतात, त्यामुळे सारांश चांगला करतात. पण सूचनाच नसेल तेव्हा कसं वागायचं, हीदेखील अशा घडवण्यातून लागलेली सवयच असते.

समजा, कांद्याच्या निर्यात धोरणावरचा एक इंग्रजी लेख आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं, असा सगळा प्रवास त्यात आहे. पाठवणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असेल तर त्याला तारखांचा क्रम हवा. लासलगावच्या व्यापाऱ्याला तो क्रम तोंडपाठ असतो. त्याला पुढे काय होईल यावरचं लेखकाचं मत हवं असेल. इंग्रजी अवघड जाणाऱ्याला सारांश नको, भाषांतर हवं. आणि लेख ज्यानं स्वतः लिहिलाय, त्याला चुका दाखवून हव्यात. त्याचंच लेखन त्याला पाच ओळींत ऐकवण्यात काय अर्थ? सारांश करणं म्हणजे काय गाळायचं ते ठरवणं, आणि वाचणारा कोण हे माहीत नसताना तो निर्णय आंधळाच होतो.

म्हणून नेहमी विचारावं, असंही नाही. ‘याचं काय करू?’ एवढाच कोरा प्रश्न परत आला तर माणूस वैतागतो, आणि ते रास्त आहे. मोबाइलवर मराठी टाइप करण्याचा कंटाळा, म्हणून तर त्यानं नुसता लेख पाठवला होता. पाच-सहा पर्यायांची प्रश्नावली त्याहून वाईट.

माझ्या मते पहिला आधार खुणांचा. आधी काय बोलणं चाललं होतं? त्याआधी तीन लेखांची भाषांतरं झाली असतील तर चौथ्याचंही भाषांतरच करावं, विचारत बसू नये. मजकुरात जागोजागी ‘इथे आकडा टाकायचा’ अशा नोंदी असतील तर तो कच्चा खर्डा आहे. तिथे सारांश सोडून, दुरुस्ती हवी का, हे विचारणं योग्य. छापून आलेली बातमी असेल आणि दुसरी कोणतीच खूण नसेल, तर तीन-चार ओळींचा सारांश द्यावा आणि शेवटी एकाच वाक्यात भाषांतर किंवा एखाद्या मुद्द्याचा तपशील हवा का, ते विचारावं. चुकलंच तर नुकसान तीन ओळी वाचण्याचं. पानभर सारांश चुकला तर तो वाचणाऱ्याचा वेळ गेला, आणि आपल्याला हवं होतं ते हे नव्हे, हेही त्याला शेवटी पोहोचल्यावर कळतं.

या तीन ओळींचा आणखी एक उपयोग: यंत्रानं लेख किती वाचला ते त्यातून कळतं. बातमीत महत्त्वाचं वर असतं. पहिली तीन वाक्यं उचलली तरी बरा सारांश होतो, म्हणून मॉडेलंही सुरुवातीकडे झुकतात. कांद्याच्या लेखाच्या सारांशात बंदी आहे पण २०२५ चा शुल्क रद्द करण्याचा निर्णय नाही, तर शेवट निसटला. किंवा पेस्ट करतानाच शेपूट तुटलं असेल. शेवटचं वाक्य अर्धवट असेल तर सारांशाआधी तेच सांगायला हवं, कारण अपुऱ्या लेखाचा सारांशही पुऱ्या लेखासारखाच ठाम वाटतो.

राहिला एक फसवा प्रकार. कधी लेखातच आज्ञा असते: खालच्या पत्त्यावर मेल पाठवा, आधीच्या सूचना विसरा. पाठवणाऱ्यानं काही सांगितलेलं नसल्यामुळे हीच त्याची सूचना, असा यंत्राचा समज होऊ शकतो. ते शब्द लेखाचे आहेत, पाठवणाऱ्याचे नव्हेत. त्यावर कृती करू नये. लेखात असं लिहिलंय, एवढं मात्र सांगावं.