पुन्हा विचारा, पण सगळ्यांनी एकदम नको

फोनवरच्या ॲपमध्ये ‘पुढची बस कधी?’ असं पाहिलं की ॲप दूरच्या सर्व्हरला एचटीटीपी विनंती पाठवतं. अधूनमधून उत्तर येत नाही. कधी नेटवर्क क्षणभर तुटतं, तर कधी सर्व्हरच 503 हा आकडा पाठवून ‘आत्ता जमत नाही’ म्हणतो. अशा वेळी एक सेकंद थांबून पुन्हा विचारायचं, हे कुणालाही सुचेल. घोळ तिथेच सुरू होतो.

समजा, सर्व्हरला सेकंदाला ३०० विनंत्या झेपतात. आठच्या ठोक्याला तो अडखळला आणि १००० फोनांना उत्तर मिळालं नाही. सेकंदाभराने ते हजारही फोन एकदम धडकतात आणि नुकता सावरलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. म्हणून थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करतात: १, २, मग ४ सेकंद. सर्व्हरला उसंत मिळते, पण घोळका फुटत नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या सेकंदाला तेच हजार जण दारात उभे! सर्व्हरच्या आलेखावर अशा ठरावीक वेळी सुळके दिसले, तर दुखणं हेच समजावं.

घोळका फोडतो तो जिटर, म्हणजे थांबण्यात मुद्दाम आणलेला अनियमितपणा. शून्यापासून ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा कुठलाही क्षण प्रत्येक फोन आपापला निवडतो:

```python
wait = random.uniform(0, min(8, 2**n))
```

इथे `n` शून्यापासून मोजायचा. दुप्पट होत जाणारी मर्यादा ८ सेकंदांवर अडते. मर्यादा ४ सेकंदांची झाली की अगदी सगळे हजार फोन उरले असले, तरी सेकंदाला सरासरी २५० च येतात. तेवढे सर्व्हरला झेपतात.

पण किती वेळ विचारत राहायचं? माझ्या मते प्रयत्न मोजण्याआधी माणसाचा धीर मोजावा. प्रत्येक प्रयत्नाला ३० सेकंद दिले, तर पाच प्रयत्नांत अडीच मिनिटं जातात. तोवर बसही गेलेली असते. त्यापेक्षा एकूण १० सेकंद ठरवावेत, एका प्रयत्नाला फार तर ३ द्यावेत आणि शिल्लक वेळ संपला की सरळ ‘माहिती मिळाली नाही’ म्हणावं. पायथनच्या `requests` मध्ये एक खाच आहे. तिथला `timeout=3` पूर्ण उत्तरासाठी नसतो. जोडणी होण्यासाठी आणि नंतर उत्तराच्या प्रत्येक तुकड्याची वाट पाहण्यासाठी तो वेगवेगळा लागतो. थेंबथेंब येणारं उत्तर त्यातून निसटतं, म्हणून एकूण घड्याळ वेगळं ठेवावं लागतं.

404 आला तर पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. पत्ताच चुकलेला असतो. `Retry-After` आला, तर सर्व्हरने सांगितलेल्या वेळेआधी दार वाजवू नये. तिकीट काढताना मात्र जास्त जपावं. उत्तर आलं नाही म्हणजे तिकीट निघालं नाही असं नसतं, वाटेत उत्तरच हरवलेलं असू शकतं. म्हणून अशा विनंतीला एक ओळखक्रमांक देतात आणि प्रत्येक फेरीत तोच पाठवतात. तो आधी येऊन गेलाय हे पाहून सर्व्हर दुसरं तिकीट काढत नाही, पहिलंच पुन्हा दाखवतो.