मुंबईचं परमिट अहमदाबादेत चालत नाही

मुंबईहून किंवा पुण्याहून लग्नाला, कामाला किंवा सहलीला अहमदाबादला जाणाऱ्यांना ‘गुजरातमध्ये दारूबंदी आहे’ एवढं माहीत असतं. पण महाराष्ट्रातला मद्याचा कायदाही मुळात दारूबंदीचाच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. 1 मे 1960 रोजी राज्याची विभागणी झाली आणि तो कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. कागदोपत्री दोन्हीकडे मद्यपानाला बंदीच आहे, परवाना म्हणजे परमिट हा त्यातला अपवाद. फरक आहे तो परमिट कसं मिळतं यात.

महाराष्ट्रात एका दिवसाचं परमिट विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत मिळतं, आयुष्यभराचं हजार रुपयांत. ‘परमिट रूम’ हे नावही त्यावरूनच आलं. दुकानदार सहसा परमिट विचारत नाही, म्हणून ते लागतं हेच आपण विसरून गेलोय. गुजरातमध्ये मात्र परमिट खरोखर विचारलं जातं आणि ते नसेल तर गुन्हा दाखल होतो.

चार दिवसांच्या लग्नासाठी पुण्याहून निघालेला पाहुणा डोळ्यांसमोर आणा. त्याची पहिली चूक घरातूनच सुरू होते. बॅगेत एक बाटली टाकलेली असते आणि खिशात तिचं वाइन शॉपचं बिल असतं. पण बिलावरून एवढंच कळतं की महाराष्ट्रात कर भरला आहे. परमिटशिवाय गुजरातच्या हद्दीत मद्य आणणं आणि जवळ बाळगणं हे दोन्ही गुन्हे आहेत. स्टेशनवर किंवा महामार्गावर तपासणी झाली, तर बिल दाखवून सुटका होत नाही. दमणहून गाडीने परतणारेही इथेच फसतात. दमणमध्ये खरेदी कायदेशीर असते, पण दमणची वेस ओलांडून वापीच्या दिशेला लागलं की गुजरात सुरू होतो. तिथून पुढे महाराष्ट्रात शिरलं, तर परराज्यातलं मद्य आणल्याचा प्रश्न राज्य उत्पादन शुल्क विभागापुढे उभा राहतो.

कायदेशीर मार्ग आहे, पण तो अरुंद आहे. गुजरातबाहेरच्या पत्त्याचं ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून तात्पुरतं पाहुणा-परमिट मिळतं. त्यावर सरकारमान्य दुकानातून मद्य घेता येतं. अशी दुकानं मोजकी आहेत आणि बहुतेक मोठ्या हॉटेलांतच असतात, म्हणून खोली आरक्षित करतानाच तिथे परमिटची सोय आहे का, ते विचारून घ्यावं. परमिटवर मुदत आणि प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचावं. मुदत संपली की उरलेली बाटलीही बेकायदा ठरते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पाहुणचारात. परमिट व्यक्तीच्या नावावर असतं. पाहुण्याने संध्याकाळी खोलीवर अहमदाबादच्या भाच्याला बोलावून पेला पुढे केला, तर परमिट नसलेला भाचा पिण्याच्या गुन्ह्यात सापडतो आणि पाजणारा पाहुणाही अडचणीत येतो. लग्नाच्या हॉलमध्ये, गाडीत किंवा नदीकाठी पिण्याची मुभा परमिटधारकालाही नसते. परमिट नसलेला माणूस सापडला, तर त्याची रक्ततपासणी होऊ शकते. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क निघाला की त्याने बंदी असलेलं मद्य घेतलं असं गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत 2023 च्या अखेरीस सवलत सुरू झाली. ती त्या परिसरातल्या मान्यताप्राप्त ठिकाणांपुरतीच आहे, अहमदाबाद शहराला ती लागू नाही.

गुजरातहून उलट मुंबईला येणाऱ्याने ड्राय डे ध्यानात ठेवावेत. 2 ऑक्टोबरसारखे दिवस ठरलेले असतात. निवडणुकीत मात्र मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत त्या मतदारसंघात मद्यविक्री बंद असते आणि हा नियम देशभर लागू आहे. शिवाय शांततेसाठी जिल्हाधिकारी ठरावीक भागातली दुकानं बंद ठेवू शकतात. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या एका भागात दुकान बंद आणि दुसऱ्या भागात उघडं असं होऊ शकतं. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे.

म्हणून अहमदाबादला निघताना बॅगेतली बाटली घरीच ठेवा. घ्यायचीच असेल तर तिथे पोहोचल्यावर आधी स्वतःच्या नावाचं परमिट घ्या, खोलीतच प्या आणि कोणी कितीही आग्रह केला तरी ती वाटू नका.