गच्चीवरचा दहाचा आकडा

गच्चीवर घालायची उष्णतारोधक फोमची पाटी. जाडी 50 मिलिमीटर, एक्सपीएस जातीची, आणि अमेरिकी माहितीपत्रकावर लिहिलेलं: आर-10. इमारतीच्या ऊर्जा-तक्त्यात मात्र रकाना असतो यू-मूल्याचा. आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. यू म्हणजे एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता पार होते ते. एक दुसऱ्याचा व्यस्त, तेव्हा एकाला दहाने भागलं की 0.1. झालं काम?

नाही. अमेरिकेतला आर फूट, फॅरनहाइट आणि बीटीयूमध्ये मोजतात. आपल्या मेट्रिक मापात आणायला त्याला 5.678 ने भागावं लागतं. मग 10 चे होतात 1.76. चूक पकडायची सोपी युक्ती अशी: मीटरमधली जाडी आरने भागा, म्हणजे पदार्थाची उष्णतावहनक्षमता मिळते. 0.05 भागिले 10 म्हणजे 0.005. स्थिर हवेचीच ती साधारण 0.026 असते, साध्या फोमला हवेच्या पाचपट चांगलं काम जमणार नाही. 1.76 ने भागलं तर 0.028 येतं, ते पटतं.

आता 1 भागिले 1.76, म्हणजे 0.57 लिहायचं का? तेही नाही, कारण ते एकट्या पाटीचं झालं. तक्त्याला हवं असतं अख्ख्या छताचं. दीडशे मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब 0.095 अडथळा देतो, खालचा गिलावा 0.02, आणि छताच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेले हवेचे पातळ थर मिळून 0.21. (कोबा आणि फरशी सध्या बाजूला ठेवू.) उघड्या स्लॅबची बेरीज जेमतेम 0.33, यू सुमारे 3.1. पाटी धरून बेरीज 2.09, यू 0.48. घरांसाठीच्या इको निवास संहितेत छताची कमाल मर्यादा 1.2 आहे, उघडा स्लॅब नापास, पाटीवाला आरामात पास.

खरा घोटाळा पुढे होतो. समजा टाकीखाली आणि कठड्यालगत मिळून गच्चीचा दहावा भाग पाटीविना राहिला. बरेच जण अडथळ्यांचीच क्षेत्रफळानुसार सरासरी काढतात आणि मग उलटवतात. उत्तर येतं 0.52, म्हणजे फारसं बिघडलं नाही असं वाटतं. पण उष्णता दोन्ही भागांतून एकाच वेळी, शेजारीशेजारी जाते. म्हणून थर एकावर एक असतील तर आर मिळवायचे, आणि भाग शेजारीशेजारी असतील तर यूची सरासरी घ्यायची. 0.48 चे नव्वद टक्के 0.43, 3.1 चे दहा टक्के 0.31, एकूण 0.74. दहावा हिस्सा उघडा राहिला आणि छतातून येणारी उष्णता दीडपट झाली. मर्यादेत बसतं, हे खरं. पण तक्त्यावर 0.48 लिहून एसीचा आकार ठरवला असेल, तर तो मे महिन्यात कमी पडेल.