नेट गेलं तरी वर्गात

आम्ही न्यू जर्सीत राहतो. रविवारी सकाळी मुलीचा मराठीचा वर्ग झूमवर भरतो. एका वादळी रविवारी वीज गेली आणि राउटर बंद पडला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण नेट नव्हतं. मोबाइलचा डेटाही रखडत होता. साधा फोन मात्र लागत होता आणि त्यानेच वर्ग वाचवला.

बाईंच्या आमंत्रणाच्या ईमेलमध्ये लिंकखाली फोन नंबर असतात. त्यातला न्यू यॉर्कचा नंबर लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाजाने मीटिंग आयडी मागितला. तो दाबून शेवटी # दाबला. मग `Participant ID` मागितला. लॅपटॉप वर्गात नव्हताच, म्हणून नुसता # दाबला. शेवटी पासकोड आला आणि तिथे मी अडखळले. लिंकसाठीच्या पासकोडमध्ये अक्षरंही असू शकतात. फोनसाठीचा आकडी पासकोड वेगळा असतो आणि आमंत्रणात फोन नंबरांजवळच छापलेला असतो.

तरीही आम्ही प्रतीक्षा कक्षातच अडकलो. बाईंना यादीत नाव दिसत नव्हतं, दिसत होता फक्त एक अर्धवट झाकलेला नंबर. अनोळखी नंबरला मुलांच्या वर्गात न घेणं योग्यच. मी एसएमएस केला, तेव्हा त्यांनी आत घेतलं. आत गेल्यावर माइक बंद-चालू करायला *6 आणि हात वर करायला *9 दाबायचं.

थोड्या वेळाने वीज आली आणि लॅपटॉप पुन्हा वर्गात जोडला. आता बाईंच्या यादीत मुलगी दोनदा दिसू लागली. शिवाय लॅपटॉपचा आवाजही सुरू केल्यामुळे बाईंचं प्रत्येक वाक्य घरात घुमू लागलं. मग लॅपटॉपचा आवाज सोडला. ऑडिओच्या खिडकीतल्या `Phone Call` या भागात `Participant ID` दिसतो. फोनवर #, तो आकडा आणि पुन्हा # दाबल्यावर फोनचा आवाज आणि लॅपटॉपवरचं चित्र एकाच नावाखाली आले. नेट डळमळीत असेल तर ही जोडी फार उपयोगी पडते. चित्र गोठलं तरी शिकवणं ऐकू येत राहतं.

ही सोय प्रत्येक मीटिंगला नसते. यजमानाच्या खात्यावर ती अवलंबून असते. भारतातून लावायचा असेल तर यादीत +91 चा नंबर आहे का, ते आधी पाहावं. नसेल तर तो परदेशी कॉल ठरतो आणि तासाभराच्या वर्गाला तो फार महाग पडू शकतो. अशा वेळी मोबाइलचा डेटा जरा जरी चालत असेल, तर तोच वापरून कॅमेरा बंद ठेवावा. नुसत्या आवाजाला सेकंदाला साधारण 80 किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला 36 एमबी.

फोनवरून फळा दिसत नाही, हे उघडच आहे. मला आधी जाणवलं नव्हतं ते आवाजाचं. जुन्या पद्धतीची फोनलाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधलाच आवाज नेते आणि ‘स’च्या सळसळीचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. बाईंनी ‘सळी’ सांगितलं, मुलीने ‘फळी’ लिहिलं. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. पुढचं सगळं शुद्धलेखन त्यांनी ‘सफरचंदातला स’, ‘फणसातला फ’ असं सांगत घातलं.