न दिसणाऱ्या स्ट्रायकरचं वजन

कॅरममधला स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमची. सेकंदाला २ मीटर वेगाने निघालेला स्ट्रायकर स्थिर सोंगटीवर अगदी समोरासमोर आदळला, तर सोंगटी किती वेगाने सुटेल? टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल तर उत्तर ३ मीटर. म्हणजे मारणाऱ्यापेक्षा मार खाणारी जास्त पळते! स्ट्रायकर मात्र १ मीटर वेगाने तिच्यामागून सरकत राहतो.

हे उत्तर दोन हिशेबांतून येतं. पहिला संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा. टकरीआधी १५ गुणिले २, म्हणजे ३०. नंतर स्ट्रायकरचे १५ आणि सोंगटीचे १५, पुन्हा ३०. दुसरा गतिज ऊर्जेचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. तोही दोन्ही वेळा ३० भरतो. एकट्या संवेगावर भागत नाही, कारण बेरीज ३० येईल अशा वेगांच्या जोड्या कितीही निघतात. त्यातली एक जोडी निवडून देते ती ऊर्जा.

आता समजा, सोंगटीला डिंक लावला आहे आणि स्ट्रायकर तिला चिकटून दोघं एकत्र सरकतात. ही पूर्णतः अस्थितिस्थापक टक्कर. संवेग तोच ३०, तो आता २० ग्रॅमवर वाटला गेला, म्हणून दोघांचा वेग १.५ मीटर. ऊर्जा मात्र ३० वरून साडेबावीसवर उतरली. उरलेली आवाजात आणि उष्णतेत गेली. संवेगाच्या हिशेबाला अशी गळती नसते, कारण दोघं एकमेकांवर सारख्याच बळाने, सारखाच वेळ, उलट दिशांना रेटत असतात. खऱ्या सोंगटीचा वेग दीड आणि तीन यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

हे शाळेतलं गणित उलटं फिरवलं तर? स्ट्रायकर दिसतच नाही, त्याचं वजन माहीत नाही, वेगही माहीत नाही. दिसतात त्या फक्त उडालेल्या सोंगट्या. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांच्यापुढे नेमकं हेच कोडं होतं.

बेरिलियमच्या पत्र्यावर पोलोनियममधून निघणारे अल्फा कण सोडले, की त्यातून एक किरणोत्सर्ग बाहेर पडतो, हे १९३० पासून माहीत होतं. त्याच्यावर विद्युतभार नव्हता आणि तो शिशातूनही आरपार जाई. १९३२ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये आयरीन क्युरी आणि फ्रेडरिक जोलिओ यांनी त्याच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवलं. मेणात हायड्रोजन भरपूर असतो. त्यातून प्रोटॉन वेगाने उडाले. दोघांनी अर्थ लावला, की हे फार जोरदार गामा किरण असावेत.

चॅडविक यांना ते पटलं नाही, आणि खटकलं ते हिशेबात. प्रकाशाच्या कणालाही संवेग असतो, पण ऊर्जेच्या मानाने फारच थोडा. त्याने प्रोटॉनला तेवढ्या वेगाने उडवायचं, तर त्याच्याकडे सुमारे ५५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हवी. बेरिलियम आणि अल्फा कण यांच्या मीलनातून फार तर १४ दशलक्ष मिळू शकत होती. शिवाय त्याच किरणांनी नायट्रोजनचे केंद्रक उडवले, तेव्हा ५५ चा आकडाही पुरेना. ९० च्या आसपास हवेत असं दिसू लागलं. एकाच किरणाची ऊर्जा समोर कोण आहे ते पाहून बदलते? मग अक्षय्यतेचे नियम तरी सोडा, नाही तर गामा किरणाची कल्पना. चॅडविक यांनी कल्पना सोडली आणि किरणाच्या जागी वस्तुमान असलेला, विद्युतभार नसलेला कण धरला.

आता कॅरमकडून आलेलं सूत्र कामाला येतं. स्ट्रायकरचं वस्तुमान M, वेग V आणि सोंगटीचं वस्तुमान m असेल, तर समोरासमोरच्या स्थितिस्थापक टकरीत सोंगटीचा वेग 2MV/(M+m) इतका असतो. हायड्रोजनसाठी m म्हणजे १, नायट्रोजनसाठी १४. दोन्ही सूत्रांचा भागाकार केला, की 2MV वर-खाली कटतं आणि कधीही न दिसलेला वेग V हिशेबातून निघून जातो:

(M + १४) / (M + १) = प्रोटॉनचा वेग / नायट्रोजनचा वेग

मोजायचे ते एवढे दोनच वेग. प्रोटॉन हवेत सुमारे ४० सेंटिमीटर जात होता. त्यावरून त्याचा वेग निघाला सेकंदाला ३.३ कोटी मीटर. नायट्रोजनचा ठसा जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तो नॉर्मन फेदर यांनी मेघकक्षात पाहिला होता, आणि त्यावरून वेग आला ४७ लाख मीटर. भागाकार सुमारे ७. मग M + १४ बरोबर ७M + ७, म्हणजे ६M बरोबर ७. M आला १.१७ च्या जवळपास. चॅडविक यांनी १.१५ छापला. न दिसणाऱ्या स्ट्रायकरचं वजन प्रोटॉनइतकंच होतं. हाच न्यूट्रॉन.

यात एक मेख आहे. टकरी काही सगळ्या समोरासमोर होत नाहीत. तिरप्या टकरीत सोंगटी हळू उडते. नायट्रोजनच्या केंद्रकाने थोडी ऊर्जा आतल्या आत गिळली, म्हणजेच टक्कर अस्थितिस्थापक झाली, तरीही तो हळूच उडणार. दोन्ही दोष वेग कमीच करतात, वाढवत नाहीत. म्हणून सरासरी न घेता सर्वांत लांब गेलेला कण निवडायचा: त्याची टक्कर सरळही असणार आणि स्थितिस्थापकही. मला या साऱ्या प्रकरणात हीच निवड सर्वांत देखणी वाटते.

उत्तर किती नाजूक होतं तेही पाहा. नायट्रोजनचा वेग ४७ ऐवजी ४४ लाख धरला, तर भागाकार साडेसात होतो आणि M बरोबर १ येतो. ठशाची लांबी मोजण्यातली जराशी चूक एवढा फरक करते. वेगांत १० टक्के चूक सहज असू शकते, हे चॅडविक यांनीच नमूद केलं होतं. म्हणून अचूक वस्तुमानासाठी त्यांनी पुढे बोरॉनवरच्या अभिक्रियेतला ऊर्जेचा ताळेबंद वापरला आणि १.००६७ च्या आसपासचा आकडा काढला. आजचा आकडा १.००८७ आहे.

वजन सारखं असण्याचा आणखी एक परिणाम होतो. सूत्रात M आणि m सारखे ठेवले, की समोरच्याला पूर्ण वेग मिळतो आणि मारणारा जागीच थांबतो. अणुभट्टीत न्यूट्रॉन मंद करायचे असतात ते याच जोरावर. युरेनियमच्या जड केंद्रकावर आदळलेला न्यूट्रॉन सरळ टकरीतही जेमतेम पावणेदोन टक्के ऊर्जा देऊन परत फिरतो. पाण्यातल्या हायड्रोजनला तो सगळी देऊ शकतो. तिरप्या टकरी धरूनही साधारण १८ धडकांत तो मंद होतो.

पण साध्या पाण्यातला हायड्रोजन कधी कधी डिंक लावलेल्या सोंगटीसारखा वागतो: न्यूट्रॉनला धरूनच ठेवतो. संवेगाचा हिशेब तेव्हाही जुळतो, जादा ऊर्जा गामा किरण होऊन निघून जाते, पण न्यूट्रॉन कायमचा हातचा जातो. जड हायड्रोजनला ही खोड फारच कमी. तो सरळ टकरीत ८९ टक्केच ऊर्जा घेतो आणि धडकाही २५ च्या घरात लागतात, तरी न्यूट्रॉन वाचतो. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला हे दोन्ही प्रकार एकाच आवारात आहेत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या, म्हणून त्यांना समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. नंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत जड पाणी आहे. त्यांचं काम नैसर्गिक युरेनियमवर भागतं.